बाई, प्रश्नचिन्ह दिलं की!

नववीच्या वर्गाच्या ३४ वह्या दुसऱ्यांदा तपासायला घेतल्या, तेव्हा मी फार खुशीत होते. निबंध तपासताना समासात तेच तेच शेरे लिहून हात दुखायचा म्हणून मी खुणांचा एक संच तयार केला होता. हिरवा रंग लेखननियमांचा, निळा वाक्यरचनेचा, जांभळा आशयाचा. लाल मुद्दाम ठेवला नव्हता, कारण लाल दिसलं की मुलं वही मिटतात. प्रत्येक रंगात चार-पाच खुणा, आणि प्रत्येक खुणेचा अर्थ सांगणारं एक पानी मार्गदर्शक मुलांच्या वहीत चिकटवलेलं. पहिला खर्डा मी खुणा करून परत दिला होता. बरोबर रूप कुठेही लिहून दिलं नव्हतं. मुलांनी खुणा वाचायच्या, चुका स्वतः सुधारायच्या आणि दुसरा खर्डा आणायचा, अशी योजना.

पहिल्याच वहीत वाक्य होतं : 'त्यामुळे तिने त्याला ते दिले नाही?'

मला वाटलं, घाईत चिन्ह पडलं असेल. तिसऱ्या वहीत पुन्हा तेच. सहाव्या वहीत एका परिच्छेदात तीन साधी विधानार्थी वाक्यं, तिन्हींच्या शेवटी प्रश्नचिन्ह. मी पहिला खर्डा उघडून शेजारी ठेवला आणि मग डोक्यात प्रकाश पडला. त्या प्रत्येक वाक्यासमोर समासात मीच निळ्या पेनने '?' केलं होतं. माझ्या लेखी त्याचा अर्थ होता, 'इथे अर्थ लागत नाही.' मार्गदर्शकात तसं छापलेलंही होतं. पण काकपद काढलं की सुटलेला शब्द घालायचा, 'वि' लिहिलं की विरामचिन्ह घालायचं, हे मुलांनी नुकतंच शिकलं होतं. बाईंनी प्रश्नचिन्ह काढलंय, म्हणजे प्रश्नचिन्ह राहिलंय, हे त्यांच्या दृष्टीने सरळच होतं. अशा नऊ वह्या निघाल्या.

मधल्या सुट्टीत एका मुलाला बोलावलं. 'हे वाक्य का बदललं नाहीस?' तो गोंधळला. 'बदललं ना बाई, प्रश्नचिन्ह दिलं की!'

त्याचीच वही पुढे ठेवून बसले, कारण त्या एका परिच्छेदात माझे बहुतेक सगळे घोळ एकत्र आले होते. विषय होता 'वीज गेली तेव्हा'. त्याचा पहिला खर्डा असा :

'वीज गेल्यावर सगळे अंगणात आले. फूलांचा वास येत होता. आजीने गोष्ट सांगीतली ती ऐकून भीती वाटली म्हणून ते गेले. अंधार खूप चांगला असतो.'

माझ्या खुणा अशा होत्या. 'फूलांचा'समोर हिरवा 'उ', म्हणजे उकार तपासा. 'सांगीतली'समोर हिरवं 'वे', म्हणजे वेलांटी तपासा. 'म्हणून ते गेले'समोर निळं '?', कारण कोण गेले आणि कुठे, याचा पत्ता नाही. शेवटच्या वाक्यासमोर जांभळा 'उ', म्हणजे उदाहरण द्या. नुसता चांगला म्हणून भागत नाही, काय चांगलं ते दाखवा.

दुसरा खर्डा असा आला :

'वीज गेल्यावर सगळे अंगणात आले. फुलांचा वास येत होता. आजीने गोष्ट सांगितली ती ऐकून भीती वाटली म्हणून ते गेले? अंधार खुप चांगला असतो.'

'फुलांचा' आणि 'सांगितली' बरोबर झालं होतं. प्रश्नचिन्हाचं कोडं तर उलगडलंच होतं. पण 'खूप'चं 'खुप' कसं झालं? शब्द मुळात बरोबर होता. त्याने 'खुप'वर बोट ठेवलं आणि मग समासातल्या 'उ'वर. उकार तपासायला सांगितला होता, त्याने तपासला आणि दीर्घाचा ऱ्हस्व केला. दुसरं काय करणार होता?

एकच अक्षर दोन अर्थांनी वापरताना माझा भरवसा रंगावर होता. हिरवा 'उ' वेगळा, जांभळा 'उ' वेगळा, इतकं कळणार नाही का, असं मी धरून चालले होते. न कळायचं कारण वहीतच चिकटवलेलं होतं. मी घरी तीन रंगांत तयार केलेल्या मार्गदर्शकाच्या प्रती शाळेच्या झेरॉक्स यंत्रावर काढल्या होत्या, आणि ते यंत्र काळंपांढरं. मुलांच्या हातातल्या कागदावर दोन 'उ' होते, दोन्ही काळे. वर असलेला 'उ' उकाराचा होता. त्याने वरचा घेतला. रंगांवर उभारलेल्या पद्धतीचा खुलासा मी बिनरंगाच्या कागदावर वाटला होता आणि आठवडाभर हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. यंत्र रंगीत असतं तरी काम पुरतं झालं नसतं. काही मुलांना, विशेषतः मुलग्यांना, हिरवा आणि तांबूस, निळा आणि जांभळा असे काही रंग वेगळे ओळखता येत नाहीत, आणि बऱ्याचदा ते त्यांना स्वतःलाही ठाऊक नसतं.

दुपारी एका मुलीच्या वहीत 'नांव' सापडलं. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, त्याला इतकी वर्षं झाली. ही मुलगी तो अनुस्वार कुठून घेऊन आली? जुन्या पुस्तकातून की काय, म्हणून कौतुकाने पहिला खर्डा उघडला. तिथे ओळ होती : 'नाव लीहून मी पाटी खाली ठेवली.' माझ्या संचात हिरव्या ठिपक्याचा अर्थ होता, 'या ओळीत एक चूक आहे, तुम्हीच शोधा.' ठिपका समासात द्यायचा असा माझाच नियम. पण समास अरुंद, पेन घाईत. ठिपका पडला बरोबर 'नाव'च्या 'ना'वर. तिने इमानाने तो उतरवून घेतला. 'लीहून' मात्र तसंच राहिलं.

त्या ठिपक्याने मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं. देवनागरी ओळीच्या आसपास मोकळी जागा नसतेच. शिरोरेघेच्या वर मात्रा, रफार, वेलांटी आणि अनुस्वार बसलेले. खाली उकार आणि ऋकार लटकलेले. शब्दाखाली रेघ ओढली तर ती उकाराला चिकटते, आणि उकार ऱ्हस्व होता की दीर्घ हे तपासणाऱ्यालाही दिसेनासं होतं. वर ठिपका दिला तर अनुस्वार. छोटा गोल दिला तर तो उकारासारखा दिसतो. रोमन लिपीत चुकीच्या शब्दाखाली रेघ मारणं खपून जातं, कारण तिथे खालची जागा बहुतेक रिकामी असते. आपल्याकडे त्या जागेत लिपीच नांदते. खूण चुकून तिथे पडली की ती मजकुराचाच भाग म्हणून वाचली जाते.

त्या दिवसाचा शेवटचा तास माझाच होता. मी मार्गदर्शकाची प्रत फळ्यावर लावली आणि मुलांना म्हटलं, आता तुम्ही ही तपासा. कुठली खूण पाहून काय केलंत ते सांगा. बरोबर-चूक नंतर पाहू. पहिली पाच मिनिटं कोणी तोंड उघडेना. मग प्रश्नचिन्हाची गोष्ट निघाली, वर्ग हसला, आणि सगळ्यांची तोंडं सुटली. 'पु' म्हणजे पुनरुक्ती हे सगळ्यांना पाठ होतं, पण त्यावर करायचं काय, हे कोणालाच माहीत नव्हतं. दोघांनी दोन्ही वाक्यं खोडली होती. एकीने दुसऱ्या वाक्यातले शब्द बदलून तेच पुन्हा सांगितलं होतं. माझं मार्गदर्शक दोषाचं नाव सांगत होतं, इलाज सांगत नव्हतं.

एका मुलाने आणखी एक गोष्ट दाखवली, जी मी स्वतःहून कधीच पाहिली नसती. कागदावर हिरव्या खुणा सगळ्यात वर होत्या. त्याने वरून कामाला सुरुवात केली, एका लांबलचक परिच्छेदातल्या अकरा वेलांट्या आणि उकार दुरुस्त केले, आणि मग खाली जांभळ्या खुणेपाशी आला. ती म्हणत होती, हा परिच्छेद विषयाला धरून नाही. परिच्छेद काढून टाकला. 'अकरा चुका फुकट गेल्या बाई,' तो म्हणाला. बहुतेक मुलं तर हिरव्यापाशीच थांबली होती. ते काम सोपं आणि पूर्ण झाल्यासारखं दिसणारं.

नवं मार्गदर्शक पुढच्या दोन तासांत मुलांबरोबर बसून केलं. रंग तेच ठेवले, पण आता रंग कामाचा क्रम सांगतो : आधी जांभळा, मग निळा, शेवटी हिरवा. कागदावरही जांभळा वर गेला. खुणा अशा निवडल्या की नुसत्या पेन्सिलीने काढल्या तरी ओळखता येतील. एक अक्षर एकदाच. 'उ' गेला. ऱ्हस्वदीर्घासाठी 'ऱ्ह-दी', उदाहरणासाठी 'दाखवा' हा अख्खा शब्द. '?'ही गेलं. त्याऐवजी समासात मी खरा प्रश्नच लिहिते, 'कोण?' किंवा 'कुठे?' दोन अक्षरं जास्त पडतात, पण मुलांना उत्तर लिहिल्याशिवाय सुटका नसते. सगळ्या खुणा समासात. ओळीत फक्त काकपद आणि परिच्छेद तोडायच्या दोन तिरक्या रेघा.

प्रत्येक खुणेपुढे 'काय करायचं' हा रकाना मुलांच्याच शब्दांत आहे. 'पु'पुढे लिहिलंय : 'दोन्ही वाक्यं मोठ्याने वाचा, चांगलं ठेवा, दुसरं खोडा.' 'ऱ्ह-दी'पुढे मात्र मला लांब लिहावं लागलं. 'फूल'चं 'फुलांचा', 'मूल'चं 'मुलाला' होतं, म्हणजे शब्दाला प्रत्यय लागला की शेवटून दुसरं दीर्घ अक्षर ऱ्हस्व होतं, एवढं सांगितलं की मुलं 'शरिराला' आणि 'गितात' लिहायला लागतात. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आपला दीर्घ सोडत नाहीत. 'शरीराला', 'गीतात' हेच बरोबर. हा अपवाद उदाहरणासकट त्याच चौकटीत घालावा लागला आणि चौकट बाकीच्यांच्या तिप्पट झाली. सुबक दिसत नाही. राहू दे.

वीज गेलेल्या मुलाने तिसरा खर्डा आणला. 'कोण?'चं उत्तर मिळालं : धाकटी भावंडं, आणि ती आजीच्या मागे जाऊन बसली. 'दाखवा'चंही मिळालं : 'अंधार खूप चांगला असतो. वीज गेली की आमच्या घरी कोणी कोणाला अभ्यास विचारत नाही.'

पुढच्या निबंधात त्याने पुन्हा 'खुप' लिहिलं, दोनदा. ही चूक त्याची की मी त्याला शिकवलेली, हे ठरवता येईना. समासात हिरव्याने 'ऱ्ह-दी' लिहिलं आणि पुढची वही घेतली.