तुम्ही विचारलंत म्हणून: अमृत मोडलं तर?

"अमृत घेतल्यावर काय काय सोडावं लागतं? आणि एखादा नियम मोडला तर माणूस कायमचा बाहेर?"

मी नांदेडचा, अमृतधारी म्हणजे अमृत घेऊन खालसा दीक्षा घेतलेला शीख, त्यामुळे हे मला बरेचदा विचारलं जातं. कायमचा बाहेर कुणीच जात नाही. पण सगळ्या चुका एका मापाच्याही नाहीत.

१६९९च्या बैसाखीला आनंदपूर साहिबला गुरू गोबिंदसिंगांनी पाच जणांना अमृत दिलं आणि मग त्याच पाचांपुढे हात जोडून स्वतः घेतलं. (त्या पाचांतले भाई साहिबसिंग आमच्या शेजारच्या बिदरचे, हे सांगितल्याशिवाय आम्हा नांदेडकरांना राहवत नाही.) म्हणून आजही अमृत एकटा कुणी देत नाही, पंज प्यारे म्हणजे पाच अमृतधारी शीख मिळूनच देतात. लोखंडी बाट्यात म्हणजे वाडग्यात पाणी आणि बताशे घालून ते भोवती वीरासनात बसतात आणि पाच बाण्यांचा म्हणजे प्रार्थनांचा पाठ होईपर्यंत पाण्यात खंडा म्हणजे दुधारी तलवार फिरवत राहतात. प्रत्येकाला पाच ओंजळी प्यायला मिळतात, डोळ्यांवर आणि केसांवर पाच-पाच वेळा शिंपडतात. उरलेलं सगळ्यांनी त्याच बाट्यातून प्यायचं. जात विचारणाऱ्याची पंचाईत तिथेच होते.

मग रहत म्हणजे आचारनियम सांगतात: अंगावर बाळगायचे पाच ककार, रोजचं नितनेम म्हणजे प्रार्थनापाठ, दसवंध म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा. आणि चार कुरहती, म्हणजे कधीच करायच्या नाहीत अशा गोष्टी: केस कापणं, कुठा म्हणजे हलाल पद्धतीचं मांस खाणं, नवरा-बायकोच्या नात्याबाहेर संबंध ठेवणं आणि तंबाखू. मांस सरसकट वर्ज्य आहे असं शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीची रहत मर्यादा म्हणजे आचारसंहिता म्हणत नाही, काही जत्थे म्हणजे शिखांचे गट मात्र तसं मानतात.

या चार कुरहतींतली एक जरी घडली तरी माणूस पतित ठरतो आणि त्याला पुन्हा अमृत घ्यावं लागतं. दारू या चारांत नाही, हे ऐकून लोक चकित होतात. दारूची मुभा आहे असं नव्हे, पण ती तनखाहची, म्हणजे धार्मिक दंडाची चूक. हुंडा घेणं-देणं आणि दाढीला कलप लावणंही त्याच रांगेत. तिथे पुन्हा अमृत नाही, दंड भोगायचा.

समजा, नोकरीच्या दबावाखाली एखाद्याने केस कापले. त्याने केस पुन्हा राखायचे, पंज प्याऱ्यांपुढे उभं राहून स्वतः कबूल करायचं. ते दंड म्हणून सेवा सांगतात, शक्यतो हातांची: लंगरची भांडी, संगतीचे म्हणजे जमलेल्या भाविकांचे जोडे. सांगितलेल्या दंडावर त्याने हुज्जत घालायची नाही, आणि संगतीनेही माफी देताना हट्ट धरायचा नाही. मला ही दुसरी अट जास्त अवघड वाटते, कारण गावात लोक आधीच बोलून मोकळे झालेले असतात. शेवटी अरदास म्हणजे प्रार्थना होते आणि त्याला पुन्हा अमृत मिळतं.