नारंगीला निळा, पिवळ्याला जांभळा, आणि टोकांचं भलतंच

फेब्रुवारीतली गोष्ट. दुपारी पार्लर रिकामं होतं म्हणून मी टॉवेल घड्या करत बसले होते. तेवढ्यात आमच्याच गल्लीतली एक मुलगी डोक्याला ओढणी गुंडाळून आत आली. मिहानमध्ये नोकरी, आठ दिवसांवर साखरपुडा. मागोमाग तिची आई.

"पाहा ताई, काय करून ठेवलं हिनं!" आईनं ओढणी काढली. खांद्यापर्यंतचे केस, आणि त्यात मृग बहाराच्या पिकलेल्या संत्र्याचा रंग. आपल्या शहराला शोभणारा, पण नवरीला नाही.

तिला हवा होता थंड, राखाडी छटेचा तपकिरी रंग. मैत्रिणीच्या मदतीनं घरीच ब्लीच केलं, केस नारंगी झाले. मग नेटवर वाचून जांभळा शॅम्पू आणला आणि आठवडाभर रोज लावला. "काहीच होऊन नाही राहिलं ताई," ती रडकुंडीला आली होती.

काही होणारच नव्हतं. जांभळा रंग पिवळ्याला मारतो, आणि तिचे केस होते नारंगी.

माझी मुलगी इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसली होती, तेव्हा तिनं पोस्टर कलरनं काढलेलं रंगचक्र मी पार्लरच्या आरशाला चिकटवून ठेवलंय. ते दोघींना दाखवलं. चक्रात जो रंग समोरासमोर येतो, तो समोरच्याची धार काढतो. पिवळ्यासमोर जांभळा, नारंगीसमोर निळा, लालसमोर हिरवा. मधल्या छटांचंही तसंच. तांबूस नारंगी असेल तर निळसर हिरवा, पिवळसर नारंगी असेल तर निळसर जांभळा. समोरचे दोन रंग मिसळले की दोघांचाही भडकपणा जातो आणि तपकिरी-करडं काहीतरी उरतं. चित्रकलेच्या वहीत याला चिखल म्हणतात, आम्हाला नेमका तोच चिखल हवा असतो.

आपल्या केसांत ही नारंगी येते कुठून, हे आईला समजावताना मला जरा वेळ लागला. केसांच्या गडदपणाच्या पायऱ्या आम्ही १ ते १० मोजतो. १ म्हणजे ठार काळा, १० म्हणजे अगदी फिकट. आपल्याकडचे केस बहुतेक २ किंवा ३ वर असतात. ब्लीच वर चढवत नेतं तसा आतला रंग उघडा पडतो. ४ च्या आसपास लाल, ५ वर तांबूस नारंगी, ६ वर नारंगी, ७ वर पिवळसर नारंगी, ८ वर पिवळा आणि १० वर केळीच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिकट. म्हणजे ब्लीच बिघडलेलं नव्हतं, ते अर्ध्या वाटेवर थांबलं होतं.

मी आधी विचारलं, मेंदी लावली होती का? काळ्या मेंदीच्या काही पाकिटांत धातूचे क्षार असतात. त्यावर पेरॉक्साइड पडलं तर केस तापून तुटू शकतात. तिनं नाही म्हटलं, तरी मी दोन-चार केस कापून वाटीतल्या डेव्हलपरमध्ये, म्हणजे रंगात मिसळायच्या पेरॉक्साइडमध्ये, अर्धा तास बुडवून ठेवले. ना गरम झाले, ना रंग बदलला. कानामागे रंगाचा ठिपका लावला आणि दोन दिवसांनी ये म्हटलं. आई कुरकुरली, पण साखरपुड्याच्या दिवशी सुजलेला चेहरा कोणाला हवा?

ती परत आली तेव्हा मी तिला खुर्चीत न बसवता दारात उभं केलं. पार्लरमधले दिवे पिवळे आहेत, त्यांच्याखाली राखाडीसुद्धा सोनेरी दिसतो. उन्हात केस उलगडले तेव्हा कळलं की हे एक डोकं नाही, तीन आहेत. ब्लीच करताना मैत्रिणीनं वरच्या भागाला सगळ्यात शेवटी हात लावला, त्यामुळे तो पट्टा तांबूस नारंगी, साधारण ५ वर. मधला भाग स्वच्छ नारंगी, ६ वर. आणि टोकांना सहा महिन्यांपूर्वी आधीच एकदा ब्लीच केलं होतं, ती ८ वर, पिवळी.

आता चूक माझी. सगळ्यात जास्त भाग नारंगी होता आणि नारंगीला निळा लागतो, म्हणून मी मानेजवळच्या आतल्या एका बटेला मुळापासून टोकापर्यंत ६.१ लावून पाहिला. ट्यूबवरच्या आकड्यात टिंबाआधी पायरी असते आणि टिंबानंतर छटा. .१ म्हणजे राखाडी, ॲश. पण सगळ्या कंपन्यांचा ॲश सारखा नसतो. कोणाचा निळ्यावर आधारलेला, कोणाचा हिरव्यावर, तर कोणाचा जांभळ्यावर. ट्यूबमधून निघणारी क्रीम बहुधा पांढरटच असते, ती पाहून काही कळत नाही. ते कंपनीच्या शेड कार्डातच पाहावं लागतं. माझ्याकडचा निळा होता.

वीस मिनिटांनी बट धुतली, वाळवली आणि दारात नेली. मधला भाग मेला होता, पण फारच. जुन्या झाडूसारखा मातकट करडा. वरचा पट्टा अजून लालसर. आणि टोकं हिरवी! पावसाळ्यात भिंतीवर शेवाळ धरतं ना, तशी. पिवळ्यावर निळा टाकला की हिरवा होतो, हे पहिलीतलं पोरगंही सांगेल. चक्र आरशाला चिकटवलेलं होतं आणि मी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं.

तिच्या आईनं ती बट पाहिली नाही, हे माझं नशीब. मी ती कापून टाकली आणि तीन वाट्या काढल्या.

मधल्या भागासाठी ६.१ चे ४० ग्रॅम आणि ६.० चे २० ग्रॅम. वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर, अंदाजानं नाही. हा .० म्हणजे नैसर्गिक, यात लाल, पिवळा, निळा तिन्ही असतात. नुसता ॲश फक्त मारतो, भरत काहीच नाही, म्हणून केस निर्जीव दिसतात. .० त्यात तपकिरी अंग भरतो. ट्यूबवर ६ ला डार्क ब्लॉन्ड लिहिलेलं असतं, ते वाचून आई घाबरली. आपल्या डोळ्यांना तो तपकिरीच दिसतो.

६ च का, तर रंग मारायचा असेल तर त्याच पायरीवर, फार तर एक पायरी खाली उतरून मारावा लागतो. तिच्या मनात ८.१ होता, कारण डब्यावरचा फोटो सुंदर होता. पण ८ च्या ट्यूबमध्ये रंग इतका कमी असतो की ६ च्या नारंगीपुढे तो म्हणजे हंडाभर पाण्यात चिमूटभर नीळ. आणि वरून रंग लावून खालचा रंग एवढा उजळत नाही, त्याला ब्लीचच लागतं. त्या ब्लीचची ताकद या केसांत आता नव्हती. तिला मी हे तसंच सांगितलं. दोन मिनिटं गप्प बसली, मग म्हणाली, "करा ताई, सहाच करा."

वरच्या पट्ट्याला ५.१ चे ३० ग्रॅम, ५.० चे १५ आणि हिरव्या करेक्टरचे ३ ग्रॅम. निळा नारंगीला सांभाळतो, पण त्यातला लाल हिरव्याशिवाय जात नाही. करेक्टर मात्र मिठासारखा, एकदा जास्त पडला की परत काढता येत नाही.

टोकांचा विचार सगळ्यात जास्त करावा लागला. पिवळ्याला जांभळा, हे चक्राचं सरळ उत्तर. टोकं ८ वरच ठेवायची असती तर तेच केलं असतं. पण मला ती ६ पर्यंत खाली आणायची होती, आणि ६ च्या तपकिरीत जो नारंगी लागतो तो त्या टोकांत उरलेलाच नव्हता, ब्लीचनं दोनदा धुऊन नेला होता. तिथे मारायचं काही नव्हतं, उलट गेलेलं परत द्यायचं होतं. म्हणून ६.० चे २५ ग्रॅम आणि त्यात ६.४ चे, म्हणजे तांब्याच्या छटेचे, ५ ग्रॅम. नारंगी घालवायला आलेल्या मुलीच्या केसांत मीच नारंगी घालत होते. "ताई, हे तर तेच आहे ना?" तिनं ट्यूबवरचा आकडा पाहून विचारलंच.

तिन्ही वाट्यांत १० व्हॉल्यूमचा, म्हणजे ३ टक्क्यांचा डेव्हलपर, ट्यूबवर लिहिल्याप्रमाणे दीडपट. २० व्हॉल्यूम हाताशी होता, पण तो केस थोडे उजळतो, आणि उजळले की खालून नवी ऊब वर येते. आपण एक नारंगी मारत असताना त्यानं दुसरा उघडा करायचा, हे नको होतं. डोक्यालगतच्या नव्या काळ्या केसांना ब्रश लागू दिला नाही.

या वेळी तिन्ही मिश्रणं आधी तीन बटांवर पाहिली. वाळवून, कारण ओला केस नेहमी एक पायरी गडद वाटतो आणि नारंगी लपवतो. टोकाची बट तपकिरी आली. मधली किंचित उबदार, पण चालण्यासारखी. मग सगळं डोकं. वरचा पट्टा आधी, मग मधला भाग, टोकं शेवटी, कारण ती स्पंजासारखी रंग पितात. दर पाच मिनिटांनी एका बटेवरची क्रीम टिश्यूनं पुसून पाहत होते. टोकं बारा मिनिटांत भरली, तिथला रंग ओल्या कापसानं टिपून घेतला. बाकी पंचवीस मिनिटांना धुतलं.

दारात नेलं तेव्हा चार वाजले होते. वर जरा गडद, खाली येता येता मऊ तपकिरी, नारंगी कुठेच नाही. पण फोटोतला तो थंड राखाडी काही आला नाही. तो ६ वर तिच्या केसांत येईल, असं मी कबूलही केलं नव्हतं. आईनं केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, "झालं बापा एकदाचं."

साखरपुडा पार पडला. तीन आठवड्यांनी ती आली, तेव्हा मधला भाग उन्हात पुन्हा थोडा तांबूस झाला होता. ॲश आधी उतरतो, नेहमीचंच आहे. त्यात घरी बोअरचं पाणी आणि रोज उन्हातून स्कूटी. जांभळ्या शॅम्पूची बाटली तिनं माझ्याकडे ठेवून दिली. मी तिला निळा शॅम्पू आठवड्यातून एकदा, फक्त मधल्या भागाला, तीन मिनिटं लावायला सांगितलं. टोकांना लावू नकोस, हे दोनदा सांगितलं. ती शेवाळी बट मी फेकली नव्हती, रबर लावून खणात ठेवली होती. ती काढून दाखवली, तेव्हा तिला पटलं.