‘यथोचित पुरावे’ म्हणजे कोणते? घरपट्टीची एक सूचना सोपी करताना

एका नगरपरिषदेची जाहीर सूचना सोपी करून देण्याचं काम माझ्याकडे आलं. मूळ मजकूर असा होता:

“नगरपरिषद क्षेत्रातील समस्त मालमत्ताधारक व भोगवटादार यांना याद्वारे सूचित करण्यात येते की, चतुर्थ वार्षिक कर आकारणीच्या अनुषंगाने प्रारूप करनिर्धारण यादी कार्यालयात अवलोकनार्थ उपलब्ध करण्यात आलेली आहे. सदर यादीबाबत आक्षेप असल्यास ही सूचना प्रसिद्ध झाल्याच्या दिनांकापासून 30 दिवसांच्या आत विहित नमुन्यात यथोचित पुराव्यांसह सक्षम प्राधिकाऱ्याकडे सादर करावेत. तदनंतर प्राप्त आक्षेप ग्राह्य धरण्यात येणार नाहीत.”

काम तसं सरळ वाटतं. कोश उघडायचा आणि ‘अवलोकनार्थ’ खोडून ‘पाहण्यासाठी’ लिहायचं. काही शब्द खरंच तसे निघून जातात. ‘समस्त’चं ‘सर्व’ झालं, ‘तदनंतर’चं ‘त्यानंतर’, ‘याद्वारे सूचित करण्यात येते की’ तर पूर्णच गेलं. सूचना आहे हे वर मथळ्यात लिहिलेलंच असतं.

अडलं ते ‘यथोचित पुराव्यांसह’ इथे. याला सोपा शब्द कुठला? ‘योग्य ते पुरावे’ लिहिलं तरी वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. कर विभागात विचारलं तेव्हा तिथेही एकमत नव्हतं. एक जण म्हणाला खरेदीखत, दुसरा म्हणाला मागच्या वर्षीची पावती पुरे. शब्द अवघड होता हा दोष दुय्यम. त्याच्या आड माहितीच नव्हती. ‘विहित नमुना’, ‘सक्षम प्राधिकारी’ यांचं तेच. नमुना कुठे मिळणार, फुकट की पैसे देऊन, अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा, हे ठरवल्याशिवाय सोपं वाक्य लिहिताच येत नाही. म्हणून मी अशा मजकुरात पहिल्या वाचनाला फक्त हेच शब्द अधोरेखित करते: विहित, यथोचित, सक्षम, उपरोक्त, संबंधित, आवश्यक ती. प्रत्येकापुढे ‘कोणता?’ लिहून यादी परत विभागाकडे पाठवते. उत्तरं आली की निम्मं काम झालेलं असतं. इथे उत्तर असं आलं: मोजमाप चुकलं असेल तर मंजूर नकाशाची झेरॉक्स, नाव चुकलं असेल तर खरेदीखताची किंवा वारस नोंदीची. (‘छायांकित प्रत’ म्हणजे झेरॉक्स. झेरॉक्स लिहायला लाजू नये.)

‘चतुर्थ वार्षिक’चा अर्थ बऱ्याच जणांनी ‘चौथ्या वर्षाची’ असा घेतला. खरं म्हणजे ही दर चार वर्षांनी होणारी आकारणी. मग ‘करनिर्धारण’ऐवजी ‘घरपट्टी’ लिहिलं आणि तिथे सोप्या शब्दाचाच सापळा निघाला. बोलताना सगळ्याच मालमत्ता कराला घरपट्टी म्हणतात, पण सूचनेत तो शब्द दिसला की दुकानदाराला किंवा रिकाम्या प्लॉटच्या मालकाला वाटतं, हे आपल्यासाठी नाही. म्हणून पहिल्याच वाक्यात ‘घर, दुकान, गाळा किंवा रिकामा प्लॉट’ असं फोडून लिहावं लागलं. मजकूर लांबला, पण चालेल. सोपं म्हणजे आखूड, असं काही नसतं.

‘भोगवटादार’ मात्र ठेवला. करनोंदवहीत त्या नावाचा रकाना असतो आणि कर बिलावरही तो शब्द येतो, तेव्हा सूचनेतून काढला तर लोकांना दोन्हींचा मेळ लागणार नाही. पण सातबाऱ्यावर ‘भोगवटादार’ हा जवळजवळ मालकाच्या जागी येतो. शेती असलेला माणूस इथेही तोच अर्थ धरतो आणि भाडेकरू वगळला जातो. उपाय एवढाच, की शब्द ठेवून पुढे कंसात ‘भाडेकरू किंवा प्रत्यक्ष जागा वापरणारे’ लिहायचं. ‘शास्ती’चंही असंच आहे. तो ‘दंड’ म्हणून बदलायचा मोह होतो, पण थकबाकीवर दरमहा 2 टक्क्यांनी चढते ती शास्ती, आणि गुन्ह्याबद्दल होतो तो दंड. ज्या शब्दावर पैसे किंवा हक्क टांगलेला आहे तो बदलू नये, उलगडून सांगावा.

‘प्रारूप’साठी मी ‘कच्ची यादी’ सुचवली. कर निरीक्षकांना ते रुचलं नाही.

“मॅडम, कच्ची म्हटलं की लोकांना कच्च्या पावतीसारखं वाटेल. म्हणजे हिशेबात नसलेली.”

शंका रास्त होती. म्हणून ‘कच्ची यादी (हरकती ऐकून मग पक्की होईल)’ असं केलं. कच्ची आणि पक्की जोडीनं आले की गैरसमजाला जागा राहत नाही.

‘आक्षेप’च्या जागी ‘हरकत’ घेताना कायद्याची अडचण नव्हती, ‘हरकती व सूचना’ हा सरकारी कागदांत रुळलेला प्रयोग आहे. पण ज्याच्या घराचं मोजमाप चुकलंय त्याला आपली ‘हरकत’ आहे असं वाटतच नाही, त्याच्या लेखी ती चूक असते. म्हणून आधी चूक लिहिली: ‘नाव, मोजमाप, वापर किंवा रक्कम चुकली असेल तर हरकत नोंदवा.’

मुदत सांगणाऱ्या शब्दांत एकही अवघड शब्द नाही, तरी सगळ्यात जास्त लोक तिथेच चुकतात. सूचना कधी प्रसिद्ध झाली हे वाचणाऱ्याला कुठून कळणार? शिवाय ‘दिनांकापासून’ मोजताना तो पहिला दिवस धरत नाहीत. 3 जूनला प्रसिद्ध झाली तर तिसावा दिवस 3 जुलै, बोटांवर मोजणाऱ्याला तो 2 जुलै वाटतो. थेट तारीखच छापायची. फक्त ती मसुद्यात रिकामी ठेवावी आणि सूचना प्रसिद्ध होण्याचा दिवस पक्का झाल्यावर भरावी, कारण जाहिरात एक दिवस पुढे ढकलली की आधी घातलेली तारीख चुकते.

मसुदा कर भरायला आलेल्या काही लोकांना वाचायला दिला. ‘समजलं का?’ असं विचारण्यात अर्थ नाही, सगळे हो म्हणतात. ‘तुमच्या घराचं मोजमाप जास्त लागलंय, तर आता तुम्ही काय कराल?’ असं विचारायचं. त्यातून कळलं की ‘लेखी हरकत द्यावी’ हे वाचून लोक तोंडीही चालेल असं धरतात. ‘-वे’, ‘-वी’ हा प्रत्यय आग्रह सांगतो, सक्ती सांगत नाही. तिथे ‘लेखीच द्यावी लागेल’ केलं.

शेवटचा मजकूर:

“शेवटची तारीख: ____, संध्याकाळी 5 पर्यंत. तुमचं घर, दुकान, गाळा किंवा रिकामा प्लॉट नगरपरिषदेच्या हद्दीत आहे का? दर चार वर्षांनी होणाऱ्या कर आकारणीची कच्ची यादी (हरकती ऐकून मग पक्की होईल) कर विभागात पाहायला ठेवली आहे. मालक आणि भोगवटादार (भाडेकरू किंवा प्रत्यक्ष जागा वापरणारे) ती पाहू शकतात. नाव, मोजमाप, वापर किंवा रक्कम चुकली असेल तर हरकत नोंदवा. हरकत लेखीच द्यावी लागेल. अर्ज कर विभागात फुकट मिळेल, भरून तिथेच द्या आणि पोच घ्या. मोजमापासाठी मंजूर नकाशाची, नावासाठी खरेदीखताची किंवा वारस नोंदीची झेरॉक्स जोडा. शेवटच्या तारखेनंतर आलेल्या हरकतीचा विचार होणार नाही.”

कायद्याचं नाव आणि कलम खाली एका ओळीत, जसंच्या तसं. त्याला हात लावला नाही.

घंटागाडीच्या भोंग्यासाठी वेगळा मजकूर करावा लागला, कारण कंस ऐकू येत नाहीत. तिथे ‘भोगवटादार’ गेला आणि ‘भाडेकरू’ राहिला, ‘कच्ची’च्या पाठोपाठ ‘अजून पक्की झालेली नाही’ आलं, आणि तारीख सुरुवातीला एकदा, शेवटी पुन्हा एकदा.