दोन सह्या

दुसऱ्या मजल्यावर गुणवंतांचा फलक आहे, त्यावर माझ्या ताईचं नाव आहे. स्नेहसंमेलनाच्या जुन्या फोटोत बाळकृष्ण झालेला गुटगुटीत मुलगा म्हणजे माझा धाकटा भाऊ. मी या दोघांच्या मधली. बाई मला ताईच्या नावाने हाक मारायच्या आणि मीही ‘हो बाई’ म्हणून उभी राहायचे.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, शेंडेफळ पाच वर्षांनी लहान. ताईचा पिनाफोर माझ्याकडे यायचा तेव्हा त्यावर उसवलेल्या दुमडीच्या दोन गडद रेघा असायच्या. भावाला मात्र सगळं नवं, कारण आमचे पिनाफोर त्याला कसे चालणार!

मी आता हिशोबाचंच काम करते, म्हणून एकदा कागदावर मांडून पाहिलं. घरात जेवढी मुलं, तेवढे आईच्या वेळाचे सारखे वाटे, आणि सोळावं संपलं की वाटा बंद. बेरीज आली ती अशी: ताईला पावणेनऊ वर्षांची आई मिळाली, भावाला सव्वानऊ वर्षांची, मला पावणेसात. ताईला माझ्याआधीची चार वर्षं आई एकटीला मिळाली होती. आम्ही दोघी सोळा ओलांडून गेल्यावर भावाला पाच मिळाली. मला अख्खी आई एक दिवसही नाही. बरं, भांडायचं कशावरून? रोजचे वाटे तर सारखेच होते.

सातवीत मी प्रगतिपुस्तकावर बाबांची सही स्वतःच ठोकली. सहामाहीला खपली, पुढच्या चाचणीलाही. घरी ‘तुझं प्रगतिपुस्तक कुठंय’ असं कुणी विचारलंच नाही. तिसऱ्या वेळी बाईंनी दोन्ही सह्या शेजारी धरल्या. बाबा शेवटच्या अक्षराला शेपूट काढायचे, ते मी विसरले होते. बाई रागावल्या नाहीत. मागची पानं चाळत म्हणाल्या, ‘‘सगळीकडे समाधानकारक. उद्या आईला घेऊन ये.’’

निरोप सांगितला तर आईचा पहिला प्रश्न, ‘‘का गं, ताईचं काही झालं का?’’

दुसऱ्या दिवशी भावाला शेजारच्या काकूंकडे सोडून आई आली. बाई काय बोलल्या ते मला आठवत नाही, मी खिडकीबाहेर बघत होते. परळहून लालबागला आम्ही चालत निघालो. ताई क्लासला, भाऊ काकूंकडे. आई बराच वेळ गप्प होती. माझा मार कुठल्या वळणावर सुरू होणार, याचा मी अंदाज घेत होते.

भारतमाता टॉकीजच्या अलीकडे रसवंतीच्या घुंगरांचा आवाज आला तशी आई थांबली. एरवी एक ग्लास आणि तीन तोंडं. त्या दिवशी तिने दोन सांगितले, दोन्ही फुल. मग बाकावर बसत म्हणाली, ‘‘बाबांची सही कशी केलीस, दाखव बघू.’’

मी रसाने ओल्या बोटाने टेबलावर काढून दाखवली. शेपटासकट.