तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिजिटिंग कार्डावरचं अक्षर

“कार्डावर सगळं हवंय, नावही उठून दिसायला हवं. मग अक्षर किती पॉइंटचं घेऊ?”

किती ओळी ठेवणार ते ठरलं, की पॉइंट आपोआप ठरतो. म्हणून मी आधी ओळी मोजते.

मागे एका पशुवैद्यक बाईंनी मला मजकूर पाठवला होता. नाव, पदवी, काम, दवाखान्याचं नाव, एका ओळीत दोन मोबाइल, लँडलाइन, ईमेल, तीन ओळी पत्ता आणि वेळ, अशा एकूण अकरा ओळी. कार्ड ९० बाय ५४ मिलिमीटरचं. चारी बाजूंनी ५ मिलिमीटर सोडले की उभी जागा उरते ४४. मराठी मजकूर साडेआठ पॉइंटचा घेतला, तर एका ओळीला साधारण साडेबारा पॉइंटांचं अंतर लागतं, म्हणजे ४.४ मिलिमीटर. अकरा ओळींचे ४८ होतात. नाव मोठं करायच्या आधीच कार्ड भरून वाहू लागलं.

त्यांच्या जुन्या कार्डावर सगळं ६ पॉइंटमध्ये कोंबून बसवलं होतं. इंग्रजी मजकूर ६ पॉइंटला कसाबसा वाचता येतो, देवनागरी येत नाही. पॉइंटच्या त्याच उंचीत आपल्याला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार एवढं सगळं बसवायचं असतं, त्यामुळे मूळ अक्षराच्या वाट्याला कमी उंची येते. त्या कार्डावर ‘पशुवैद्यकीय’ शब्दातला द्य म्हणजे शाईचा ठिपका झाला होता आणि वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकले होते. मी मराठीसाठी ८ पॉइंटच्या खाली जात नाही, आणि ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा मोकळं ठेवते.

मग मी त्यांना विचारलं, हे कार्ड कोण, कधी काढतं? त्या म्हणाल्या, “रात्री गाय अडली की.” म्हणजे गोठ्यातला दिवा, हातात मोबाइल आणि डोळ्यांना चष्मा नाही. अशा माणसाला लागतो तो नंबर, आणि तो कुणाचा हे कळायला नाव. पदवी तेव्हा कुणी वाचत नाही. लँडलाइन गेली, दुसरा मोबाइल गेला. दवाखान्याचं नाव आणि वेळ मागच्या बाजूला नेली. ईमेल आणि पदवीही तिकडेच. पुढे उरल्या पाच ओळी.

नाव १३ पॉइंट, ठळक. त्याखाली काम, साडेआठ, साधं. मग मोठी मोकळी जागा. खाली नंबर ११ पॉइंट, मध्यम ठळक, आणि त्याखाली दोन ओळी पत्ता साडेआठचा. सगळं मिळून साधारण २५ मिलिमीटर, म्हणजे १९ मिलिमीटर मोकळे राहिले. नंबर नावापेक्षा लहान असूनही नजर आधी तिथेच जाते, कारण त्याच्या डोक्यावर मोकळी जागा आहे. क्रम लावायला नुसता आकार पुरत नाही. ठळकपणा आणि मोकळी जागा जास्त काम करतात. चार ओळींना चार वेगळे आकार दिले की सगळ्याच ओरडतात. टाइप एकच घेतला, ‘मुक्त’ नावाचा. त्यात बारीक ते जाड अशी सात वजनं मिळतात आणि लहान आकारातही अक्षरांची पोटं उघडी राहतात.

नंबरापाशी मी बराच वेळ घालवला. दहा आकडे सलग छापले की वाचताना एखादा सुटतो, म्हणून पाच-पाचचे दोन गट केले. आकडे इंग्रजी घेतले, कारण बहुतेक मोबाइलच्या कीपॅडवर तेच असतात, आणि मंद उजेडात देवनागरी १ आणि ९ यांत गफलत होऊ शकते. मला मराठी अंक फार आवडतात, म्हणून मागे दवाखान्याची वेळ आणि पिनकोड त्यांतच ठेवले.

बाईंना हिरव्या पट्टीवर पांढरी अक्षरं हवी होती. लहान अक्षरात मी ते टाळते. छापताना शाई किंचित पसरते आणि पांढरी बारीक रेघ बुजते. लहान मजकूर फक्त शंभर टक्के काळ्यात ठेवायचा. चार रंगांत केला आणि एखाद्या रंगाची प्लेट केसभर सरकली, तरी अक्षराला रंगीत सावली येते.

स्क्रीनवर चारशे टक्के मोठं करून बघण्यावर भरवसा ठेवू नका. लेझर प्रिंटरवर मूळ मापात छापा, कापा आणि घरातल्या साठीच्या माणसाला चष्मा न लावता हातभर लांबून नंबर वाचायला सांगा. बाईंच्या सासऱ्यांनी पहिल्या नमुन्यातला नंबर अडखळत वाचला. तेव्हा तो १० पॉइंटचा होता. ११ केल्यावर त्यांनी तो एका दमात वाचला.

प्रेसला फाइल देण्याआधी अक्षरं कर्व्ह करून घ्या, म्हणजे फॉन्टवर अवलंबून न राहणाऱ्या आकृत्यांत बदला. नाहीतर त्यांच्याकडे तो फॉन्ट नसला की जोडाक्षरं सुटतात, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. प्रूफ आलं की पहिल्यांदा स्वतःच्या नावातला रफार आणि मग नंबरातला एकेक आकडा बोट ठेवून तपासा.