`break` असलेल्या लूपची मोजणी

लातूरच्या बाजारात सोयाबीनची आवक वाढू लागली की आडतीच्या दुकानांचे हिशोब सांभाळणाऱ्या आमच्या प्रोग्रामवरचा ताणही वाढतो. यंदाच्या हंगामाआधी काटापट्ट्या आणि शेतकऱ्यांची खाती यांचा मेळ घालणारे एक नवे फंक्शन माझ्याकडे तपासणीला आले. त्याच्या माथ्यावर एका तरुण सहकाऱ्याने टीप लिहिली होती, की आतल्या लूपमध्ये `break` असल्यामुळे याची टाइम कॉम्प्लेक्सिटी O(n) आहे.

```python
for p in pattya:
    for s in shetkari:
        if s.id == p.sid:
            jodya.append((p, s))
            break
```

ही टीप त्याने अंदाजाने लिहिलेली नव्हती. पट्ट्यांची संख्या दुप्पट केली तर वेळही दुप्पटच लागतो, असे त्याने मोजून दाखवले होते, आणि त्याच्या मोजणीत खोट नव्हती. खोट होती ती चाचणीच्या फाइलमध्ये. दहा नमुना पट्ट्यांच्या ओळी पुन्हा पुन्हा चिकटवून त्याने ती मोठी केली होती आणि त्या पट्ट्यांवरचे सगळे शेतकरी खात्यांच्या यादीत पहिल्या दहांतच होते. त्यामुळे एका पट्टीमागे फार तर दहा तुलना होत होत्या, मग खाती शंभर असोत की लाख. अशा फाइलवर हे फंक्शन सरळ रेषेतच वाढलेले दिसणार.

सेकंदांवर विसंबणे मला पटत नाही, कारण त्यांत मशीनवर चाललेली इतर कामेही मिसळतात. म्हणून `if` च्या आधी एक गणक ठेवून मी तुलनाच मोजायला घेतल्या. हजार खाती, हजार पट्ट्या आणि प्रत्येक शेतकऱ्याची एकच पट्टी अशी फाइल तयार केली, तेव्हा गणक ५,००,५०० वर थांबला. दोन्ही याद्या दोन हजारांच्या केल्या तेव्हा तो २०,०१,००० वर गेला. माल दुप्पट आणि काम जवळपास चौपट, ही वर्गाच्या वाढीची खूण आहे.

“सर, फाइलमध्ये पट्ट्यांचा क्रम विस्कटलेला असेल,” सहकारी म्हणाला. “दोन्ही याद्या क्रमांकानुसार लावून घेतल्या तर `break` लवकर लागेल ना?”

प्रश्न रास्त होता, म्हणून आम्ही दोन्ही याद्या क्रमाने लावून फंक्शन पुन्हा चालवले. गणक पुन्हा ५,००,५०० वरच आला. त्याला ते खरे वाटेना, तेव्हा कागदावर मांडून पाहिले. पहिल्या पट्टीला एक तुलना लागते, दुसरीला दोन आणि हजाराव्या पट्टीला हजार, कारण आतला लूप प्रत्येक वेळी यादीच्या पहिल्या खात्यापासूनच निघतो. प्रत्येक शेतकऱ्याची एकेक पट्टी असेल तर यादीतल्या प्रत्येक स्थानापर्यंत एकदा जावेच लागते. आधी कोणत्या स्थानापर्यंत गेलो याने बेरीज बदलत नाही. ती n(n+1)/2 च राहते. याद्या क्रमाने लावण्याचा फायदा हवा असेल, तर आतल्या लूपने मागच्या वेळी जिथे थांबला तिथूनच पुढे निघायला हवे; तेव्हा एकूण पावले n+m च्या पुढे जात नाहीत, आणि तसे लिहिलेले दोन लूप एकात एक दिसले तरी रेषीयच असतात. `break` केवळ आतल्या लूपची चालू फेरी संपवतो, त्या लूपची सुरुवात पुढे सरकवत नाही.

मग शेवटची फाइल बनवली, जिच्यात एकाही पट्टीचे खाते यादीत नव्हते. नव्या शेतकऱ्याचे खाते उघडायचे राहून गेले की प्रत्यक्षात हेच होते, आणि तेव्हा `break` ची ओळ कधी चालतच नाही. हजार गुणिले हजार, म्हणजे पूर्ण १०,००,००० तुलना. टिपेत n पट्ट्या आणि m खाती धरून O(nm) लिहायचे ठरले. खाती ठरावीकच राहणार असतील तर O(n) म्हणता आले असते, हेही मी त्याला सांगितले; पण आडतीवर नवी खाती उघडतच राहतात, त्यामुळे m गृहीत धरून सोडून देता येत नाही.

दुरुस्ती छोटी होती. आधी खात्यांची डिक्शनरी करायची आणि मग प्रत्येक पट्टीसाठी तिच्यात एकदा पाहायचे, म्हणजे सरासरी काम O(n+m) वर येते. त्याबदल्यात m नोंदींची जास्तीची मेमरी लागते. सहकाऱ्याने `d[s.id] = s` असे लिहिले, तिथे मात्र मी त्याला थांबवले. जुन्या फंक्शनमध्ये एकाच क्रमांकाची दोन खाती असली तर `break` मुळे पहिले खाते घेतले जात होते, आणि या ओळीने शेवटचे घेतले गेले असते. म्हणून ती ओळ `d.setdefault(s.id, s)` अशी केली, आणि दोन्ही फंक्शने त्याच फाइल्सवर चालवून जोड्या एकसारख्या येतात का, ते तपासले. एकाच क्रमांकाची दोन खाती मुळात का असावीत, हा प्रश्न आम्ही दुकानाच्या मुनीमजींकडे पाठवून दिला.