दोन नंबरचा एचएमटी, एक नंबरचा एचएमटी आणि काकूंचे पन्नास रुपये

लातुरात क्लासच्या पोरांसाठी मेस चालवणाऱ्या एका काकूंनी पाच क्विंटल तांदळाची ऑर्डर दिली. "भाऊ, पन्नासच्या वर जाऊ नका. पण भात मोकळा पाहिजे बरं का, गिच्च गोळा झाला की पोरं ताट तसंच सोडतात." दुकानात एचएमटीचे दोन माल होते. एक नंबर मिलवर ५६ रुपये किलोने घेतलेला, शेकडा ५ तुकड्याचा. दोन नंबर ४१ रुपयांचा, त्यात तुकडा शेकडा २५. एक नंबर पन्नासात बसत नव्हता आणि नुसत्या दोन नंबरचा भात मोकळा होत नाही, म्हणून मिसळायचं ठरवलं.

दोन्ही माल एकाच वाणाचे, एकाच मिलचे आणि एकाच हंगामाचे होते, म्हणूनच मी मिसळायला तयार झालो. एचएमटीत परिमल टाकला तर भाव बसतो, पण दाण्याची जाडी वेगळी असल्यानं एक शिजेपर्यंत दुसरा फुटतो. वाण एक असून एक माल जुना आणि दुसरा नवा असला तरी तेच होतं, कारण नवा तांदूळ कमी पाणी घेतो आणि लवकर चिकटतो. (एचएमटी हा वाण नांदेडचा असं ऐकून आपल्याकडचे लोक गोदावरीकाठचं नांदेड समजतात. दादाजी खोब्रागडे यांनी तो निवडून काढला ते नांदेड चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यात आहे.)

आता गणित. शाळेत शिकवतात ती तिरपी वजाबाकी इथं कामी येते. महागाच्या भावातून हवा तो भाव वजा केला की स्वस्ताचा वाटा निघतो, आणि हव्या भावातून स्वस्ताचा भाव वजा केला की महागाचा. घाईत केलं तर असं होतं: ५६ मधून ५० गेले, ६ राहिले, तो दोन नंबरचा वाटा. ५० मधून ४१ गेले, ९ राहिले, तो एक नंबरचा. म्हणजे तीनास दोन, शंभर किलोत ६० किलो एक नंबर आणि ४० किलो दोन नंबर. वजाबाकी बरोबर आहे, पण हे प्रमाण धरून माल दिला असता तर पाच क्विंटलवर साडेबाराशे रुपये खिशातून गेले असते.

याचं कारण असं की ५६ आणि ४१ हे मिलवरचे भाव आहेत आणि ५० हा काकूंच्या दारातला. तिरप्या वजाबाकीत तिन्ही भाव एकाच जागेचे लागतात. मी तिन्ही भाव दुकानाच्या गोदामात आणले. गाडीभाडं आणि हमाली मिळून क्विंटलला दीडशे रुपये पडले होते, म्हणजे किलोला दीड. एक नंबर झाला साडेसत्तावन्न, दोन नंबर साडेबेचाळीस. मग दुसऱ्या टोकानं आलो. काकूंच्या पन्नासातून माझा नफा २ रुपये, मिसळायची मजुरी आणि मेसपर्यंतचा ऑटो मिळून ७५ पैसे काढले, राहिले ४७ रुपये २५ पैसे. पोतं फोडून मिसळून पुन्हा भरताना धूळ, कोंडा आणि सांडलवंड यात शंभर किलोला अर्धा किलो जातो. म्हणून ४७.२५ ला ०.९९५ ने गुणलं. आले ४७ रुपये. गोदामात मिश्रणाचा एक किलो ४७ रुपयांनाच पडला पाहिजे.

आता वजाबाकी पुन्हा केली. ५७.५० उणे ४७ म्हणजे साडेदहा, दोन नंबरचा वाटा. ४७ उणे ४२.५० म्हणजे साडेचार, एक नंबरचा. साडेदहास साडेचार म्हणजे सातास तीन. ताळा केला: ७० किलोचे २,९७५ आणि ३० किलोचे १,७२५, बेरीज ४,७००. शंभर किलोचे बरोबर ४,७००.

घाईच्या गणितात महाग माल जास्त येत होता, इथं स्वस्त माल दुपटीहून जास्त आला. हातात आलेलं प्रमाण खरं वाटतं का, हे बघायची माझी पद्धत सोपी आहे: हवा भाव ज्याच्या जवळ, त्याचा वाटा मोठा. ४७ हे साडेबेचाळीसच्या जवळ आहेत, मग दोन नंबरच जास्त लागणार. वाटे उलटे लिहिले गेले असतील तर ते इथंच सापडतं.

पण भाव बसला म्हणजे भात बसला असं नाही. प्रमाण एकदा ठरलं की त्या मिश्रणातला तुकडाही ठरून जातो, तिथं आपलं काही चालत नाही. ७० किलोत शेकडा २५ प्रमाणे साडेसतरा किलो तुकडा, ३० किलोत शेकडा ५ प्रमाणे दीड किलो, एकूण शंभरात १९. तुकडा म्हणजे पाऊण दाण्यापेक्षा लहान असलेला दाणा. तो अख्ख्या दाण्याच्या आधी शिजतो, त्याचं पिठूळ पाण्यात उतरतं आणि तेच अख्ख्या दाण्यांना एकमेकांना चिकटवतं. घरच्या कुकरात १९ टक्के चालून जातो. मेसच्या मोठ्या पातेल्यात तळाच्या भातावर वरचा भार असतो आणि झाकून ठेवल्यावर तासभर आतली वाफ निघत नाही. तिथं तो चालत नाही. काकूंच्याच चुलीवर, त्यांच्याच पातेल्यात, दोन किलोचा नमुना शिजवून बघितला. वाढताना डाव रोवला तसा भाताचा गठ्ठा उचलून आला. काकू म्हणाल्या, "हे न्हाई चालायचं भाऊ."

मग मी अर्धाअर्धा करून बघितला. तुकडा १५ वर आला, भात सुटा झाला. पण गोदामातला भाव झाला पन्नास, आणि तूट, मजुरी, नफा धरून काकूंच्या दारात ५३. दोन टोकं मिळाल्यावर मधलं काढायला पुन्हा शिजवायची गरज उरली नाही. दर शंभर किलोत १० किलो दोन नंबर काढून १० किलो एक नंबर घातला की तुकडा २ टक्क्यांनी उतरतो आणि भाव दीड रुपयानं चढतो. काकूंना एवढंच सांगितलं: दीड रुपयाला दोन टक्के. पन्नासला १९, साडेएकावन्नला १७, त्रेपन्नला १५. त्यांनी साडेएकावन्न घेतला, म्हणजे साठ किलो दोन नंबरास चाळीस किलो एक नंबर. १७ टक्क्यांचा नमुना शिजवून बघितला तेव्हा पाणी थोडं कमी घातलं आणि भात वाफवल्यावर लगेच परातीत मोकळा केला. मग डाव रोवल्यावर दाणे सुटे पडले.

पाच क्विंटलला ३०० किलो दोन नंबर आणि २०० किलो एक नंबर. इथं पोत्यांनी फसवलं. दोन नंबर ५० किलोच्या पोत्यात होता. एक नंबर २६ किलोच्या कट्ट्यात, कारण जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या बंद, छापील पाकिटावर ५ टक्के जीएसटी लागतो आणि त्या आकड्याच्या वर राहण्यासाठी मिलवाले २६ किलोचा कट्टा काढतात. गोदामातल्या पोरांना "सहास चार" असं सांगितलं आणि त्यांनी दोन नंबरची सहा पोती आणि एक नंबरचे चार कट्टे ताडपत्रीवर आणून ठेवले. तसं मिसळलं असतं तर ३०० किलोत फक्त १०४ किलो पडले असते, तुकडा २० च्या घरात गेला असता, म्हणजे काकूंनी नाकारलेल्या नमुन्यापेक्षाही वाईट. आठ कट्टे लागत होते, त्यांचे होतात २०८ किलो. आठव्यातून ८ किलो काट्यावर काढून घेतले. ते तसेच पडू दिले असते तर मिश्रण किलोला १४ पैशांनी महागलं असतं. तेव्हापासून मी गोदामात प्रमाण पोत्यात सांगत नाही, किलोत सांगतो.

मिसळताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकाच जागी उभं राहून पोतं ओतणं. ढीग उंच झाला की अख्खा दाणा उतारावरून गडगडत कडेला जातो आणि तुकडा मध्यभागी राहतो. कडेनं भरलेली पहिली पोती छान निघतात, शेवटची दोन नुसती कणी. मी ताडपत्रीवर दोन नंबरचा बोटभर जाडीचा थर पसरवला, त्यावर एक नंबरचा, पुन्हा दोन नंबरचा, असे थर लावले. मग दोघांनी समोरासमोर उभं राहून फावड्यानं पूर्ण ढीग एका जागेवरून दुसऱ्या जागी तीनदा पलटला, आणि भरताना वरून न खरडता बाजूनं उभा छेद घेत पोती भरली.

भरल्यावर पहिलं, मधलं आणि शेवटचं पोतं घेतलं. परखी वर, मध्ये आणि तळाला खुपसून प्रत्येकातून १०० ग्रॅम काढले, परातीत पसरून तुकडा हातानं वेगळा केला आणि छोट्या काट्यावर टाकला. शंभरात १७ यायला हवा. पहिल्यात १६ ग्रॅम, मधल्यात १७, शेवटच्यात २१ आला. शेवटची दोन पोती आणि पहिली दोन पोती पुन्हा ताडपत्रीवर ओतून पलटली, मग १७ आणि १८ आले. हाताच्या मोजणीत एखाद्या ग्रॅमचा फरक मी धरत नाही. तीन ग्रॅमच्या पुढे गेलं की ढीग नीट पलटला नाही असं समजतो. तुटीचे अडीच किलो त्याच प्रमाणात वेगळे मिसळून भरले, म्हणजे काकूंना काट्यावर पूर्ण ५०० मिळाले. बिलावर "एचएमटी मिक्स, तुकडा १७ टक्के" असंच लिहिलं. मिश्रणाला एक नंबरचं नाव देणं कायद्यात बसत नाही आणि गिऱ्हाइकाशी ती फसवणूकच आहे.

पुढच्या गाडीला दोन नंबर २ रुपयांनी वाढून आला, एक नंबर तिथंच होता. साडेएकावन्न टिकवायचा तर दोन नंबरचा वाटा ६९ वर न्यावा लागत होता आणि तुकडा पुन्हा १९ च्या जवळ. प्रमाण साठास चाळीसच ठेवलं तर वाढ दोन रुपयांच्या साठ टक्क्यांएवढी, म्हणजे १ रुपया २० पैसे. काकूंना दोन्ही आकडे सांगितले. त्यांनी ५२ रुपये ७० पैसे मान्य केले आणि प्रमाण तेच राहिलं.